कॅमेरा काय मागणार

सोनमळा सहकारी दूध संघाच्या मुख्य कार्यालयात त्या दिवशी सकाळपासून एकच विषय होता: सूर्यभान पालवेची चौतीस मिनिटं.

सूर्यभान हा तिसगावच्या शीतकरण केंद्रावरून श्रीरामपूरच्या प्रकल्पात दूध आणणाऱ्या टँकरचा चालक. एकोणीस वर्षं तीच वाट आणि तोच वक्तशीरपणा. आदल्या दिवशी त्याचा टँकर गेटमधून आत आला तेव्हा गेटवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात कोपऱ्यातली वेळ नऊ वाजून नऊ मिनिटं होती. वजनकाट्यावरून निघालेल्या पावतीवर मात्र नऊ त्रेचाळीस छापलेलं होतं. गेट ते काटा अंतर दोनशे पावलांचं. रस्ता बॉयलर हाऊसच्या मागून वळतो, आणि त्या वळणावर पाण्याचा मोठा नळ आहे. त्यातून सध्या दुधाचा हंगाम जोरात असल्यामुळे टँकरचं सील दूध उतरवायच्या गोदीवर न तोडता गेटवरच तपासून तोडायचं, अशी पद्धत पडून गेली होती. तेवढाच गोदीवरचा खोळंबा कमी. म्हणजे सील तुटलेला टँकर चौतीस मिनिटं कुठेतरी उभा होता, आणि प्रयोगशाळेत त्याच टँकरचं दूध तिसगावच्या तपासणीपेक्षा पातळ निघालं. एवढ्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावर तिसरी गोष्ट कुणालाही जुळवता येत होती, आणि सकाळी अकरापर्यंत सगळ्यांनी ती जुळवली होती.

चार वाजता बैठक होती. सूर्यभानला टँकरवरून उतरवायचं, तिसगाव केंद्राला तसं पत्र पाठवायचं, असं जवळपास ठरलेलं होतं. बैठकीत दाखवायला कॅमेऱ्याचं चित्रण हवं, म्हणून ते काम उझ्मा तांबोळीकडे आलं.

उझ्मा संघाची नेटवर्क अभियंता. वय अठ्ठावीस, नोकरीला दोन वर्षं, तीही अजून कंत्राटी. सुरक्षा कक्षातल्या पर्यवेक्षकाने आदल्या दिवशी पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून सगळ्या अधिकाऱ्यांना पाठवला होता; त्यात टँकर होता आणि चित्राच्या कोपऱ्यात ९:०९ होते. उझ्माने रेकॉर्डर उघडला, कालची तारीख निवडली आणि खालच्या वेळपट्टीवर नऊ वाजून नऊ मिनिटांवर बोट ठेवलं.

गेट रिकामं होतं. एक कुत्रं निवांतपणे गेट ओलांडून गेलं, एवढंच.

तिने थोडं मागे नेलं, थोडं पुढे नेलं. टँकर नव्हता. मग तिने पट्टी सावकाश पुढे ओढत नेली, आणि टँकर दिसला तेव्हा तिचा हात थांबला. खालच्या पट्टीवर, म्हणजे रेकॉर्डरच्या स्वतःच्या घड्याळात, नऊ चाळीस झाले होते. वर चित्रात, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः उमटवलेल्या वेळेत, नऊ वाजून नऊ मिनिटं. एकाच चित्रावर दोन वेगळ्या वेळा होत्या. पर्यवेक्षकाने टँकर शोधताना पट्टी नुसती ओढत नेली असणार, आणि फोटो काढताना खालचा भाग कापला गेला असणार. दोन्हींतली खरी वेळ कोणती, हे मात्र या चित्रावरून ठरत नव्हतं.

ते ठरलं एका स्कूटरमुळे. टँकर आत गेल्यावर मिनिटभराने हिरव्या हेल्मेटचा एक माणूस स्कूटरवरून आत आला. चित्रातली वेळ नऊ दहा. तो माणूस म्हणजे तिचे वरिष्ठ, प्रशासन आणि संगणक विभागाचे व्यवस्थापक महेंद्र साळवे. ते शेजारच्याच टेबलावर चहात बिस्कीट बुडवत होते.

"सर, काल तुम्ही नऊ दहाला आलात?"

महेंद्रसरांनी बिस्किटाचा तुकडा कपात पडू दिला. "मी? नऊ दहाला? अगं, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी वेळेच्या आधी पोचलो नव्हतो. कुणी तक्रार केली का?"

"उलट. कॅमेरा म्हणतोय तुम्ही ऑफिसच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी आलात."

"मग त्या कॅमेऱ्याला बढती द्या," ते म्हणाले, आणि उठून पडद्याजवळ आले. हसू ओठांवरच राहिलं. हजेरीच्या यंत्रावर त्यांच्या अंगठ्याची वेळ होती नऊ बेचाळीस. हजेरीचं यंत्र आणि वजनकाट्याचा संगणक दोन्ही सर्व्हरच्या घड्याळावर चालत होते.

कॅमेरा एकतीस मिनिटं मागे होता. टँकर आला होता नऊ चाळीसला आणि काट्यावर चढला होता नऊ त्रेचाळीसला. दोनशे पावलांना तीन मिनिटं. मध्ये सील तोडणं आलं, वळणावर वेग कमी करणं आलं.

"चला, सुटला बिचारा," महेंद्रसर म्हणाले. "बिघडलेलं घड्याळ. चार ओळींचं टिपण लिहू."

उझ्मा टिपण लिहायला बसली नाही. तिच्या मनात घड्याळ बिघडण्याचा प्रश्न नव्हता. स्वस्त कॅमेऱ्यांची घड्याळं बिघडतच असतात; म्हणूनच त्यांना दर तासाला कुणाला तरी खरी वेळ विचारायला लावलेलं असतं. प्रश्न हा होता, की या कॅमेऱ्याने वेळ विचारणं केव्हा थांबवलं. आणि उत्तर शोधण्याआधीच ते तिला ठाऊक होतं.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत संघाचं सगळं नेटवर्क एकसलग होतं. सर्व्हर, लेखनिकांचे संगणक, प्रिंटर, सव्वीस कॅमेरे, सगळे एकाच मोकळ्या अंगणात. गेल्या वर्षी एका सकाळी गेटवरच्या कॅमेऱ्यानेच घात केला. तो बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला नव्हता, आणि घरबसल्या मोबाईलवर चित्र दिसावं म्हणून बाहेरच्या जगाला दारही उघडून ठेवलं होतं. बाहेरून कुणीतरी त्यात शिरलं, आणि तो कॅमेरा दूध स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर शेकडो पासवर्ड वापरून पाहू लागला. सर्व्हरने नियमाप्रमाणे चुकीच्या प्रयत्नांनंतर गोदीवरच्या सगळ्यांची खाती बंद करून टाकली. दुपारपर्यंत अकरा टँकर उन्हात रांगेत उभे राहिले. भिंतीवरचा एक डोळा दुधाच्या गोदीला कुलूप घालू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

त्यानंतर उझ्माने महिनाभर खपून नेटवर्कचे कप्पे केले. यंत्रांना जोडणाऱ्या पेट्या, म्हणजे स्विच, त्याच; तारा त्याच. पण एका कप्प्यातलं यंत्र दुसऱ्या कप्प्याला थेट दिसत नाही. या कप्प्यांना व्हीलॅन म्हणतात. दहा क्रमांकाचा सर्व्हरचा, वीसचा संगणकांचा, तीसचा प्रिंटरचा, चाळीसचा कॅमेऱ्यांचा. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर मुख्य स्विचमधूनच जावं लागतं, आणि तिथे तिने प्रत्येक दाराशी एकेक यादी बसवली. यादी वरून खाली वाचली जाते. जी ओळ पहिल्यांदा लागू पडते, तिचा निर्णय अंतिम. कॅमेऱ्यांच्या दाराशी तिने मोजकंच लिहिलं होतं: रेकॉर्डरने सुरक्षा कक्ष आणि चौकीतल्या संगणकांना उत्तर द्यावं; रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यांनी तिच्या लॅपटॉपला. बाकी कुणी कुठेही जाऊ नये, आणि कुणी प्रयत्न केलाच तर नोंद व्हावी.

याद्या लिहिण्याआधी ती प्रत्येक विभागात वही घेऊन फिरली होती. तुमचं यंत्र कुणाशी बोलतं, त्याला काय लागतं, हे विचारत. तरी पहिल्याच सोमवारी प्रयोगशाळेतून सत्यशीला गुंजाळ तणतणत आल्या होत्या. प्रयोगशाळेचा प्रिंटर कागद स्कॅन करून सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये टाकत असे, ते बंद पडलं होतं. उझ्माने त्या एका प्रिंटरला त्या एका सर्व्हरच्या त्या एकाच दारापर्यंत जाण्याची ओळ लिहून दिली, आणि तासाभरात काम सुरू झालं. प्रिंटरचं असं असतं. तो अडला की त्याच्यामागे उभा असलेला माणूस ओरडतो.

कॅमेऱ्यांसाठी मात्र विचारायला कुणीच नव्हतं. तेव्हा गेटवरचे रखवालदार दिलावरचाचांना तिने सहज विचारलं होतं, "चाचा, तुमच्या कॅमेऱ्याला काय काय लागतं?" आणि खुर्चीत रेलून बसलेले दिलावरचाचा म्हणाले होते, "बेटी, कॅमेरा काय मागणार? बिचारा नुसता बघत असतो."

दोघंही हसले होते. तिने वहीत कॅमेऱ्यांच्या पानावर लिहिलं होतं: काही नाही.

आता तिने मुख्य स्विचची नोंद उघडली. नाकारलेल्या प्रयत्नांचा आकडा छप्पन्न हजारांच्या वर गेला होता. ओळीमागून ओळ, सव्वीस कॅमेऱ्यांचे पत्ते, सगळे एकाच सर्व्हरकडे निघालेले, सगळे एकशे तेवीस क्रमांकाच्या दाराशी. ते दार वेळ विचारण्याचं. कॅमेरे बसवणाऱ्याने वेळ देणारा म्हणून प्रत्येकात सर्व्हरचा पत्ता भरून ठेवला होता, आणि रेकॉर्डर वेगळ्या कंपनीचा असल्यामुळे तो कॅमेऱ्यांची घड्याळं लावत नव्हता. तीन महिने, दर तासाला, प्रत्येक कॅमेरा सर्व्हरच्या दिशेने एवढाच प्रश्न पाठवत होता: किती वाजले? आणि उझ्माची यादी दर तासाला त्याला परत पाठवत होती.

आतल्या कॅमेऱ्यांचं फारसं बिघडलं नव्हतं; त्यांची वीज कधी जात नसे, म्हणून ते मिनिट-दीड मिनिटच इकडेतिकडे होते. गेटच्या चौकीला मात्र बॅटरीचा आधार नव्हता. वीज गेली की तो कॅमेरा बंद पडे, आणि परत आली की शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागे. जेवढा वेळ अंधार, तेवढा तो मागे. पूर्वी पुढच्याच तासाला सर्व्हर ती चूक दुरुस्त करत असे. आता पाच मिनिटं, आठ मिनिटं, तीन मिनिटं असं साचत साचत एकतीस झालं होतं.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच होती. तो नाकारलेल्या प्रयत्नांचा आकडा तिने पूर्वी पाहिला होता. इतकंच काय, मासिक अहवालात तो जाड अक्षरांत छापला होता: ‘कॅमेऱ्यांकडून सर्व्हरकडे होणारे इतके प्रयत्न यशस्वीपणे रोखले.’ त्या ओळीवर कार्यकारी संचालक थेटेसाहेबांनी ‘छान’ असा शेरा लिहिला होता. रोखलेलं काय होतं, ते तिने उघडून पाहिलंच नव्हतं.

तिने हे सगळं महेंद्रसरांना सांगितलं. त्यांनी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली.

"उझ्मा, एक ऐक. सूर्यभानला सोडवायला एवढं सगळं सांगायची गरज नाही. कॅमेरा बिघडला होता, संपलं."

"सर, कॅमेरा बिघडलाय म्हटलं की थेटेसाहेब विचारणार, कालच बरा बिघडला? पालवेच्याच वेळी? आणि वेळ साचत गेली हे दाखवल्याशिवाय एकतीस मिनिटांवर कुणाचा विश्वास बसणार? ‘पोरीने सांभाळून घेतलं’ असं म्हणतील. ते बोलणं संध्याकाळच्या आत तिसगावला पोचेल."

"आणि तुझ्या यादीमुळे झालं म्हटलंस, तर साहेब काय म्हणतील? ‘पूर्वी होतं तसं करा.’ एका वाक्यात सगळे कप्पे मोडून घेतील. पुन्हा कॅमेरे आणि सर्व्हर एका अंगणात. तुझी महिन्याभराची मेहनत जाईल ती जाईल, पुढचा घात झाला तर?" ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मार्चमध्ये तुझी फाईल कायम होण्यासाठी जाणार आहे. ते मी बोलायला नको, तरी बोलतो."

त्यात धमकी नव्हती. महेंद्रसर तसे माणूस म्हणून भले. स्वतःच्या नोकरीची पहिली आठ वर्षं त्यांनी कंत्राटावर काढली होती, आणि ती कशी काढली ते त्यांनाच माहीत होतं. उझ्माला ते कळत होतं. म्हणूनच उत्तर देणं अवघड जात होतं.

"निदान घड्याळ तरी लगेच दुरुस्त कर," ते म्हणाले.

"नाही सर. आधी पुरावा. आत्ता वेळ लावली तर ते मागे होतं हे दाखवायला काय उरेल?"

ती गेटवर गेली तेव्हा चौकीच्या सावलीत सूर्यभान उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, गळ्यात गमछा. समोर डबा होता, पण उघडलेला नव्हता. दिलावरचाचा त्याला तंबाखू देऊ करत होते आणि तो नको म्हणत होता.

"या बेटी," चाचा म्हणाले. "यांना सांगा, उपाशी बसून कुणाचं भलं झालंय का?"

सूर्यभान उठून उभा राहिला. "ताई, तुमी कॅम्प्युटरवाल्या ना? त्या कॅमेऱ्यात आनखी काय दिसतंय का बगा. म्या कुटं थांबलोच न्हाई तर दिसंल कसं? पन कुनी आयकतच न्हाई. म्हनत्यात कॅमेरा खोटं बोलतो का." त्याने गमछ्याने तोंड पुसलं. "माज्या घरच्या दोन गाया हायेत. त्यांचं दूध त्याच केंद्रावर जातंय. उद्या हे पत्र गेलं तर माजी मंडळी कॅन घिऊन त्या रांगेत कशी उबी राहील, एवढं सांगा. नोकरी काय, दुसऱ्याचा ट्रक चालवीन म्या."

उझ्माने खाली पाहिलं. त्याला आत्ताच सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण कच्चा दिलासा देणंही बरं नव्हतं. "पालवेकाका, मला तुमची मदत हवी आहे," ती म्हणाली. "हा माझा फोन धरून त्या कॅमेऱ्यासमोर उभे राहा. पडदा वर करून. घड्याळ दिसलं पाहिजे."

"फोटू काढायचाय?"

"कॅमेराच तुमचा काढेल."

"आता तरी जरा हसा," दिलावरचाचा म्हणाले. "पोलीस ठाण्यातल्यासारखे उभे राहू नका."

सूर्यभान फोन छातीशी धरून उभा राहिला. फोनवर एक वाजून वीस मिनिटं झाली होती. उझ्माने चौकीतल्या पडद्यावर पाहिलं. चित्रात एक काटकुळा माणूस हातात एक वाजून वीस मिनिटं धरून उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर, कोपऱ्यात, कॅमेरा म्हणत होता बारा एकोणपन्नास. चाचांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"अरेच्चा! हा तर माझ्यापेक्षाही सुस्त निघाला."

"चाचा," उझ्मा म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात कॅमेरा काही मागत नाही. आठवतं?"

"म्हणालो असेन."

"तो वेळ मागत होता. मीच मिळू दिली नाही."

ते वाक्य पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं ते तिथे, चौकीत. चाचांनी चष्मा काढला. सूर्यभानला त्यातलं सगळं कळलं नसावं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, "म्हंजी चूक माजी न्हाई, येवढं तर हाय ना?"

"नाही काका. तुमची नाही."

परत आल्यावर तिने आणखी एक काम केलं. कालच्या सकाळचे गेटमधून आलेले चौदाही टँकर तिने एकेक करून काढले आणि कागदावर तीन रकाने मांडले: चित्रातली वेळ, काट्यावरची वेळ, मधलं अंतर. तळाशी महेंद्रसरांची हजेरीची वेळही लिहिली. चौदाच्या चौदा टँकर, चित्रावर विश्वास ठेवला तर, गेट आणि काटा यांच्यामध्ये तेहतीस ते छत्तीस मिनिटं गायब होते. पारनेरचा होता, नेवाशाचा होता, खुद्द एका संचालकाच्या पुतण्याचाही होता. कुणी पाहिलं नव्हतं, कारण ज्याच्यावर संशय आला त्याचीच वेळ काढून पाहिली गेली होती.

चारच्या बैठकीत लांब टेबलाच्या टोकाशी कार्यकारी संचालक गोरक्षनाथ थेटे बसले होते. त्यांच्या उजवीकडे सत्यशीला गुंजाळ, डावीकडे महेंद्रसर. सूर्यभान दाराजवळ उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. उझ्माने आधी फोन धरलेल्या सूर्यभानचं चित्र दाखवलं, मग चौदा टँकरचा कागद प्रत्येकापुढे ठेवला.

थेटेसाहेबांनी तो कागद वाचला आणि महेंद्रसरांकडे पाहिलं. "म्हणजे एक तर चौदाही जण चोर आहेत, नाहीतर कॅमेरा."

"कॅमेरा, साहेब," महेंद्रसर म्हणाले. "माझीही साक्ष आहे. कॅमेऱ्यात मी वेळेवर आलेला दिसतोय."

सगळे हसले. थेटेसाहेब हसले नाहीत. "घड्याळ मागे का पडलं?"

महेंद्रसर समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहू लागले. यापुढे कोण बोलणार हे त्यांनी तिच्यावर सोडलं होतं.

"माझ्यामुळे, साहेब," उझ्मा म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं: सर्व्हरकडून येणारी वेळ, तिची यादी, गेटवरची जाणारी वीज, साचत गेलेली मिनिटं. शेवटी तिने आपला मासिक अहवाल टेबलावर ठेवला. "हा आकडा मी तुम्हाला हल्ले म्हणून दाखवला होता. ते हल्ले नव्हते. कॅमेरे वेळ विचारत होते."

थेटेसाहेबांनी आपलाच ‘छान’ वाचला. "मग हे सगळे कप्पे काढून टाका. पूर्वी होतं तेव्हा घड्याळ तरी बरोबर चालत होतं."

हेच वाक्य येणार हे उझ्माला माहीत होतं. तिची नजर खिडकीबाहेर गेली. प्रकल्पाच्या भिंतीवरून चकचकीत पोलादी नळ्या समांतर धावत होत्या.

"साहेब, कच्च्या दुधाची आणि पाश्चराइज्ड दुधाची लाईन आपण वेगळी ठेवतो. समजा, एखादा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला आणि एका टाकीला दूध मिळालं नाही. आपण तो व्हॉल्व्ह उघडतो. दोन्ही लाईन जोडून टाकत नाही."

सत्यशीलाबाईंनी मान वर केली. "जोडल्या तर मी राजीनामा देईन," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मी कच्च्याची लाईन बरोबर तोडली," उझ्मा म्हणाली. "पण त्यातून काय वाहत होतं ते आधी पाहिलं नाही. लगेच दार बंद करण्याआधी आठवडाभर नुसती नोंद करून पाहायला हवं होतं. मी विभागांना विचारलं, यंत्रांना विचारलं नाही. ती चूक माझी आहे. कप्प्यांची नाही. एक ओळ वाढवली की वेळ मिळेल, आणि तीही सर्व्हरपर्यंत न जाता. मुख्य स्विचच कॅमेऱ्यांना वेळ देईल."

थेटेसाहेबांनी कागदाची घडी घातली. "अकरा टँकर उन्हात उभे होते तो दिवस मी विसरलेलो नाही," ते म्हणाले. "कप्पे राहू द्या. मात्र यापुढे नाकारलेल्यांची नोंद दर आठवड्याला माझ्याकडे. नुसता आकडा नको; काय नाकारलं, कुणाचं नाकारलं, तेही लिहा. आणि तुमची ही चूक लेखी द्या. फाईलला लागेल."

"हो साहेब."

मग ते दाराकडे वळले. "पालवे, तुमचं पत्र निघणार नाही. उद्या टँकर घेऊन या."

सूर्यभानने हात जोडले; पण लगेच खाली केले नाहीत. "आन दूध पातळ निगालं त्याचं, साहेब? लोक इच्यारतील."

प्रश्न योग्य होता. सत्यशीलाबाईंनीच उत्तर दिलं. "ते अजून कळलेलं नाही. केंद्रावरचं तपासणीयंत्र पाहायचंय, टँकर धुतल्यावर तळाशी पाणी राहतं का तेही पाहायचंय. कळेपर्यंत कुणाचं नाव घ्यायचं नाही. आणि उद्यापासून सील गोदीवरच तुटेल, खोळंबा झाला तरी चालेल."

पाणी कुठून आलं हे कुणालाच माहीत नव्हतं. ते त्या चौतीस मिनिटांतून आलेलं नव्हतं, एवढंच त्या दिवशी सिद्ध झालं होतं, आणि सूर्यभानला तेवढं पुरेसं होतं.

बाहेर पडताना महेंद्रसर तिच्या शेजारून चालत होते. "फाईलला लागेल," ते म्हणाले. "मार्चमध्ये विचारतील."

"विचारू द्या, सर."

"मी सांगेन काय ते." जिन्यावर थांबून त्यांनी पुढे जोडलं, "फक्त ते हजेरीचं नऊ बेचाळीस तेवढं कागदावर घ्यायला नको होतंस."

जागेवर बसून उझ्माने मुख्य स्विचला वेळ देणारा केलं आणि कॅमेऱ्यांच्या यादीत नवी ओळ लिहिली: कॅमेऱ्यांना फक्त स्विचच्या स्वतःच्या पत्त्याकडे, फक्त वेळेच्या दाराशी, जाऊ द्यावं. ओळीला तिने जपून क्रमांक दिला, म्हणजे ती नाकारणाऱ्या ओळीच्या वर बसेल. खाली बसली असती तर कुणी ती वाचलीच नसती. मग एकेक कॅमेरा उघडून त्यातला वेळ देणाऱ्याचा जुना पत्ता तिने बदलला. पंचवीस झाले. गेटवरचा तिने शेवटी ठेवला आणि लॅपटॉप घेऊन चौकीत गेली.

सूर्यभान रिकामा टँकर घेऊन निघण्याच्या तयारीत होता. इंजिन चालू ठेवूनच तो खाली उतरून आला. डबा आता रिकामा होता. दिलावरचाचांनी त्याला आपली खुर्ची दिली. चित्रात पाच सोळा वाजले होते. उझ्माने शेवटची कळ दाबली. चित्र तसंच राहिलं. तेच गेट, तोच टँकर, धुरांड्यातून निघणारा तोच धूर. फक्त कोपऱ्यातली वेळ पाच सोळावरून एकदम पाच सत्तेचाळीसवर गेली.

"गेली एकतीस मिन्टं," सूर्यभान म्हणाला. तो पडद्याकडे पाहतच राहिला. "आन यातली एक बी म्या घेतली न्हवती."

त्याने टँकर काढला. उझ्माने वही उघडली, कॅमेऱ्यांचं पान शोधलं, आणि ‘काही नाही’ खोडून त्याखाली लिहिलं: वेळ. मग त्याच्याही खाली, गेटच्या कॅमेऱ्यासमोर: बॅटरी.

"आणखी काही मागतोय का तो?" दिलावरचाचांनी विचारलं.

"आठवडाभर नोंद बघते, चाचा," ती म्हणाली. "मग सांगते."